एसटीपीच्या स्लाइड्स पोळी-भाजी केंद्राला लावताना: क्रम, हिशेब आणि नेहमीच्या चुका

एसटीपी म्हणजे मार्केटिंगमधलं सेगमेंटेशन, टार्गेटिंग आणि पोझिशनिंग: गिऱ्हाइकांचे गट पाडायचे, त्यातला गट निवडायचा आणि त्याच्या मनात आपली वेगळी जागा ठरवायची. याच्या स्लाइड्स समोर ठेवून एखाद्या छोट्या धंद्यावर प्रोजेक्ट करायला सांगितलं की निकाल बहुतेक वेळा एकच असतो. 'वय २५ ते ४५, मध्यमवर्गीय, आरोग्याची जाण असलेले' असा एक गट, शेवटी 'घरच्यासारखी चव' असं घोषवाक्य आणि मध्ये रिकामी जागा. त्यातून दुकानदाराला उद्या सकाळी काय वेगळं करायचं ते कळत नाही. कारण स्लाइड्स मोठ्या कंपनीला समोर ठेवून लिहिलेल्या असतात. कंपनी आधी बाजार निवडते आणि मग कारखाना उभारते. आपल्या केंद्रात तवे, हात आणि गाळा आधीच ठरलेले असतात. म्हणून सुरुवात बाजारापासून न करता तव्यापासून करायची.

उदाहरण मुलुंड पूर्वेचं घेऊ. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर नवघर रोडच्या बाजूला एक काल्पनिक पोळी-भाजी केंद्र आहे. तीन बायका, दोन तवे, एक छोटा काउंटर. खालचे सगळे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमच्या केंद्राचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील, पद्धत मात्र हीच राहील.

टप्पा १: आधी क्षमता मोजा

दोघी लाटतात, तिसरी दोन्ही तव्यांवर भाजते. मोबाइलवर वेळ लावून सलग अर्धा तास मोजा आणि दुप्पट करा. पहिली दहा मिनिटं धरू नका, तवा तापायचा असतो. समजा तासाला १२० पोळ्या होतात.

आता दिवसभराची बेरीज करायचा मोह होतो, तो आवरा. पोळी दुपारी करून रात्री विकता येत नाही. डब्यात रचलेल्या गरम पोळ्यांना वाफेचं पाणी सुटतं आणि खालच्या पोळ्या चिकट होतात. त्यामुळे गर्दीची वेळ आणि तिच्या आधीचा अर्धा तास, एवढाच काळ धरायचा. मुलुंडला उतरणाऱ्यांची गर्दी साडेसहा ते साडेआठ धरली तर सहा ते साडेआठ असे अडीच तास मिळतात, म्हणजे ३०० पोळ्या.

हा ३०० चा आकडा कागदावर सगळ्यात वर लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय याच्याशी ताडून बघायचा आहे.

*तपासा:* खरी अडचण पोळ्यांचीच आहे ना? काही ठिकाणी पोळ्या तयार असतात, पण भाजी वजन करून बांधायला एकच माणूस असतो आणि रांग तिथे लागते. तसं असेल तर पोळ्यांऐवजी 'तासाला किती पार्सलं बांधून होतात' हा तुमचा मूळ आकडा.

टप्पा २: चौदा दिवसांची वही

बाजारपेठेचं सर्वेक्षण म्हणून गूगल फॉर्म बनवून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. 'ताजी, स्वच्छ, वाजवी दरातली पोळी-भाजी घ्याल का?' या प्रश्नाला 'नाही' कोण म्हणेल? अशा उत्तरांवरून काहीही ठरत नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं यापेक्षा काय करतं ते काउंटरवर उभं राहून लिहिलेलं बरं.

वहीत सहा रकाने पुरे:

१. वेळ, पंधरा मिनिटांच्या टप्प्यात
२. पोळ्या किती
३. भाजी कोणती, किती
४. कुठून आले असावेत: स्टेशनकडून ऑफिसची बॅग घेऊन, की घरून पिशवी घेऊन
५. नेहमीचे की नवे
६. मागितलं पण मिळालं नाही असं काय

सहावा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि खरी माहिती तिथेच असते. 'फुलके आहेत का?', 'कमी तिखट काही?', 'अजून किती वेळ लागेल?' असे प्रश्न जसेच्या तसे लिहा. 'अजून किती वेळ' विचारून निघून गेलेला माणूस विक्रीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. तो फक्त या रकान्यात सापडतो.

वय, उत्पन्न, जात, शिक्षण विचारू नका. काउंटरवर ते शोभत नाही आणि इथे त्याचा उपयोगही नाही.

*सावध:* श्रावण, गणपती किंवा नवरात्राचे चौदा दिवस निवडलेत तर वही चुकीचं चित्र दाखवेल. साधे दिवस घ्या, पण त्यात महिन्याची अखेर आणि पगारानंतरचा आठवडा दोन्ही येतील असं बघा. चतुर्थी किंवा एकादशी आली तर समासात खूण करा. रविवार वेगळ्या पानावर ठेवा. रविवारी ऑफिसवाले उतरत नाहीत, मेगाब्लॉक असतो, निम्मी घरं बाहेर जेवतात. त्या दिवसाची सरासरी बाकीच्यांत मिसळली की दोन्ही बिघडतात.

टप्पा ३: गट पाडा, पण प्रसंगावरून

स्लाइडवर चार आधार असतात: भौगोलिक, लोकसंख्येचा, मानसिकतेचा आणि वर्तनाचा. विद्यार्थी त्याच क्रमाने जातात, म्हणून पहिल्याच पायरीवर 'मुलुंड पूर्व, २५ ते ४५' लिहून बसतात. छोट्या दुकानासाठी क्रम उलटा घ्या. आधी वर्तन, म्हणजे कोणत्या प्रसंगी, कोणत्या वेळी, किती घेतात. मग तसं वागणारे साधारण कोण आणि राहतात कुठे, ते बघा. मानसिकतेचा आधार शेवटी, आणि नाही सापडला तर सोडून द्या.

वही उलगडली की आपल्या उदाहरणात असे ढीग पडतात.

क) उतरता उतरता घेणारे. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, हातात बॅग, ६ ते ८ पोळ्या आणि एक भाजी. आठवड्यातून तीनेक दिवस. घरी वरण-भात होतो, पोळ्या लाटायचं त्राण उरलेलं नसतं.

ख) दुपारचे ज्येष्ठ. मुलं परगावी किंवा परदेशी, घरात दोघंच. साडेअकरा ते साडेबारा, रोज ४ पोळ्या, कमी तेल-तिखटाची थोडी भाजी, शक्यतो घरपोच. हिशेब महिन्याचा.

ग) खोली करून राहणारी मुलं. संध्याकाळी आठच्या सुमारास, पूर्ण डबा हवा, भाव आधी विचारतात.

घ) सणावारची ऑर्डर. पुरणपोळ्या, संकष्टीचे मोदक. आगाऊ सांगतात, संख्या मोठी.

इथे एक गोष्ट नीट धरा. हे माणसांचे गट नाहीत, प्रसंगांचे आहेत. मंगळवारी स्टेशनवरून येऊन सात पोळ्या नेणारी बाई होळीला वीस पुरणपोळ्या सांगते. ती 'क' मध्येही आहे आणि 'घ' मध्येही. खोलीवर राहणारा मुलगा डबा न मागता काउंटरवरून सुट्या पोळ्या नेत असेल तर त्या क्षणी तो 'क' आहे. 'एक माणूस दोन गटांत कसा?' असा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो, त्याचं उत्तर हेच.

*तपासा:* कोणतेही दोन ढीग घ्या आणि विचारा, यांना वेगळी वेळ, वेगळा माल किंवा द्यायची वेगळी पद्धत लागते का? एकही फरक निघाला नाही तर ढीग एकत्र करा. 'नोकरी करणाऱ्या स्त्रिया' आणि 'नोकरी करणारे पुरुष' असे दोन गट पाडलेले अनेक अहवालांत दिसतात. दोघंही सव्वासातला सात पोळ्याच नेत असतील तर दुकानाला तो एकच गट आहे.

टप्पा ४: गट निवडा, एका पोळीमागे काय उरतं ते बघून

इथे स्लाइडवर आकर्षकतेचे निकष असतात: गट मोजता यावा, तिथपर्यंत पोचता यावं, तो पुरेसा मोठा असावा, इतरांहून वेगळा वागावा आणि त्याच्यासाठी काही करणं आपल्याला जमावं. प्रत्येक निकषाला पाचपैकी गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. माझ्या मते ती इथे निरुपयोगी आहे, कारण आवडत्या गटाला आपोआप चार-चार गुण पडत जातात. त्यापेक्षा पैशांचा साधा हिशेब करा.

एक पोळी १२ रुपयांना विकली जाते असं धरू. पीठ, तेल, गॅस आणि नगावर दिली जाणारी मजुरी मिळून खर्च ५ रुपये.

'क' गटाचं एक पार्सल: ७ पोळ्यांचे ८४ आणि भाजीचे ५०, एकूण १३४ रुपये. खर्च पोळ्यांचा ३५, भाजीचा २२, मिळून ५७. उरले ७७ रुपये. पोळीमागे ११.

'ख' गट: ४ पोळ्यांचे ४८ आणि भाजीचे ४०, एकूण ८८. खर्च २० आणि १७, शिवाय घरपोच द्यायचे १२, मिळून ४९. उरले ३९. पोळीमागे पावणेदहा.

'ग' गट: ७० रुपयांचा डबा. ४ पोळ्यांचे २०, भाजीचे १७, वरण-भाताचे १८, डब्याचे ५, असा ६० रुपये खर्च. उरले १० रुपये. पोळीमागे अडीच.

गाळ्याचं भाडं आणि वीज यांत धरलेली नाही, कारण ती कोणत्याही गटाला विकलं तरी तेवढीच राहते.

आता पहिल्या टप्प्यातला ३०० चा आकडा आठवा. संध्याकाळच्या ३०० पोळ्या 'ग' ला दिल्या तर ७५ डबे होतात आणि ७५० रुपये उरतात. त्याच 'क' ला दिल्या तर साधारण ४३ पार्सलं होतात आणि ३,३०० च्या आसपास उरतात. डब्यांची मागणी कितीही दिसली तरी ती त्याच तव्यावर, जवळपास त्याच वेळी येते आणि चांगल्या गिऱ्हाइकाला रांगेत उभं करते. म्हणून 'ग' ला नाही म्हणायचं. सुट्या पोळ्या मात्र काउंटरवरून कोणीही न्याव्यात.

'ख' ची गोष्ट वेगळी आहे. त्यांची पोळीमागची कमाई 'क' पेक्षा कमी, पण ते दुपारी घेतात. तेव्हा तवा मोकळाच असतो. २५ घरं बांधली गेली तर १०० पोळ्या, म्हणजे तासाभराचंही काम नाही, आणि दिवसाला ९७५ रुपये उरतात. मुख्य गट 'क', जोडगट 'ख'. 'घ' सध्या बाजूला ठेवा. पुरण वाटायला आणि मोदक वळायला वेगळे हात लागतात, आणि सणाच्या दिवशी तेच हात 'क' कडून काढून घ्यावे लागतात.

राहिला 'पुरेसा मोठा' हा निकष. अहवालात इथे मुंबईची लोकसंख्या आणि खाद्यबाजाराची कोटींतली उलाढाल टाकतात. तिचा या दुकानाशी काही संबंध नाही. रोज ४३ पार्सलं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २५८ पार्सलं. एक घर आठवड्यात तीनदा घेतं, तर ८६ घरं लागतात. तुमची बाजारपेठ एवढीच. मग प्रश्न असा उरतो की स्टेशन ते मिठागर रोड या पट्ट्यात अशी ८६ घरं मिळतील का? वहीतल्या 'नेहमीचे' रकान्यावरून आज किती आहेत ते कळतं आणि अजून किती हवीत ते निघतं.

*सावध:* स्लाइडवरच्या एकवटलेल्या टार्गेटिंगचा, म्हणजे सगळा भर एकाच गटावर देण्याचा, धोका इथेही आहे. पावसात गाड्या रखडल्या की 'क' गट एकदम गायब होतो आणि पोळ्या पडून राहतात. जोडगट वेगळ्या वेळेचा आणि रेल्वेवर अवलंबून नसलेला निवडण्यामागे हेही कारण आहे.

टप्पा ५: पोझिशनिंग, पण स्पर्धक नीट ओळखून

पहिली चूक: स्पर्धक म्हणून फक्त गल्लीतलं दुसरं पोळी-भाजी केंद्र लिहिणं. 'क' गटातला माणूस प्लॅटफॉर्मवर उतरताना मनात काय तोलत असतो? घरी कणीक भिजवायची, स्वयंपाकाला बाई लावायची, अॅपवरून मागवायचं, पाकिटातल्या तयार पोळ्या न्यायच्या, की वडापाव खाऊन निभवायचं. हे सगळे स्पर्धक आहेत. वहीत लिहिलेले प्रश्न आता पुन्हा वाचा.

दुसरी चूक नकाशाची, म्हणजे दोन अक्षांवर आपली आणि स्पर्धकांची जागा दाखवणाऱ्या आकृतीची. आडवा अक्ष किंमत, उभा अक्ष दर्जा, आणि आपलं दुकान 'स्वस्त आणि उत्तम' या कोपऱ्यात. लोकांच्या मनात किंमत आणि दर्जा बहुतेक एकत्रच वर-खाली होतात, त्यामुळे अशा नकाशावर सगळे एका तिरक्या रेषेत येतात आणि काहीच दिसत नाही. अक्ष गिऱ्हाइकाच्या प्रश्नांतून घ्या. आपल्या वहीत सर्वांत जास्त वेळा 'किती वेळ लागेल' आणि 'गरम आहेत का' आलं असेल, तर एक अक्ष 'हातात पडायला लागणारा वेळ' आणि दुसरा 'पोळी केव्हा भाजलेली'. आता बघा: पाकिटातली पोळी लगेच मिळते पण ताजी नाही. घरची ताजी असते पण तासभर जातो. अॅपवाल्याचा वेळ बेभरवशाचा. शेजारचं केंद्र ताजं देतं, पण साडेसातला तिथे पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. लगेच आणि ताजी हा कोपरा रिकामा आहे.

रिकामा कोपरा दिसला म्हणून उडी मारू नका. तो रिकामा का आहे? गर्दीच्या वेळी तवा पुरत नाही म्हणून. तेव्हा तिथे जायचं तर काम करण्याची पद्धत बदलावी लागेल. पोझिशनिंगचं वाक्य त्यासाठीच असतं:

'संध्याकाळी मुलुंड पूर्वेला उतरणाऱ्या आणि घरी जाऊन पोळ्या लाटायला वेळ नसलेल्या कुटुंबांसाठी हे असं पोळी-भाजी केंद्र आहे, जिथे सांगून ठेवलेलं गरम पार्सल दोन मिनिटांत हातात मिळतं, कारण ऑर्डर साडेपाचपर्यंत घेतली जाते आणि पोळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खेपांत, नेण्याच्या वेळेनुसार भाजल्या जातात.'

सगळी मेहनत 'कारण' च्या पुढच्या भागात करा. तिथे 'कारण आम्ही दर्जाला महत्त्व देतो' असं आलं की वाक्य फुकट गेलं. तिथे असं काही यायला हवं जे दुकानात उभं राहून डोळ्यांनी दिसेल.

मऊ पोळी, स्वच्छ ओटा, दर्शनी भागात एफएसएसएआयचा क्रमांक, यूपीआयची सोय या गोष्टी इथे लिहू नका. त्या नसतील तर गिऱ्हाईक येणार नाही, पण आहेत म्हणून शेजारचं सोडून तुमच्याकडेही येणार नाही. स्लाइडवर समानतेचे मुद्दे म्हणतात ते हेच.

*तपासा:* वाक्यात शेजारच्या केंद्राचं नाव घालून वाचा. तरीही खरं वाटलं तर ते पोझिशनिंग नाही. 'घरच्यासारखी चव' इथेच गळते, मुलुंडपासून दादरपर्यंत प्रत्येक पाटीवर ती आहेच.

टप्पा ६: वाक्य काउंटरवर उतरवणं

- सकाळी अकराला उद्याच्या नव्हे, आजच्या दोन भाज्या व्हॉट्सअॅपवर. जास्त भाज्या ठेवल्या की बांधायला वेळ लागतो.
- ऑर्डर साडेपाचपर्यंत, नेण्याची वेळ अर्ध्या तासाच्या टप्प्यात: सात, साडेसात, आठ.
- ६ आणि ८ पोळ्यांची ठरलेली पार्सलं. सुट्या हव्यात त्यांच्यासाठी वेगळी रांग.
- पैसे आधी यूपीआयने. पार्सलवर नाव आणि वेळ.
- ३०० पैकी साधारण २०० पोळ्याच आगाऊ ऑर्डरींना द्या. बाकीच्या न सांगता येणाऱ्यांसाठी, नाहीतर नवं गिऱ्हाईक कधी जोडलंच जाणार नाही.
- गाडी रखडली तर पार्सल नऊपर्यंत ठेवायचं. हा नियम आधीच कळवा. पावसाळ्यात यावरूनच भांडणं होतात.

पोळ्या कागदात बांधण्याआधी मिनिटभर जाळीवर ठेवा. तव्यावरून थेट पिशवीत गेल्या तर घरी पोचेपर्यंत ओल्या होतात, आणि मग 'गरम' हा शब्द तुमच्याच अंगावर येतो.

टप्पा ७: चार आठवडे मोजा

तीन आकडे पुरतात. सव्वासात ते पावणेआठ या वेळात वीस गिऱ्हाइकांचा, येऊन पार्सल हातात पडेपर्यंतचा वेळ. रात्री नऊला उरलेल्या पोळ्या. आणि आठवड्यात दोन किंवा जास्त वेळा आलेली घरं.

वीसपैकी पाच-सहा जणांना पाच मिनिटांच्या वर थांबावं लागलं तर पाटीवरचं 'दोन मिनिटांत' खोटं आहे. ते उतरवा किंवा आगाऊ ऑर्डरी कमी घ्या, पण जाहिरात वाढवू नका. रांग कमी झाली तरी नेहमीची घरं वाढली नाहीत, तर गिऱ्हाइकाला वेळेची अडचण तुम्ही समजलात तेवढी नव्हती. अशा वेळी वहीच्या सहाव्या रकान्याकडे परत जा. पोळ्या उरतात पण घरं वाढताहेत, तर बहुधा शेवटची खेप उशिरा किंवा मोठी लागते आहे. ती निम्मी करा.

अहवालात हे सगळं मांडताना प्रत्येक स्लाइडच्या संज्ञेसमोर वहीतला एक पुरावा लिहा: 'वर्तनाचा आधार' समोर वेळेचा रकाना, 'पुरेसा मोठा' समोर ८६ घरांची आकडेमोड, शेजारच्यापासून आपल्याला वेगळं करणारा 'फरकाचा मुद्दा' समोर घड्याळ लावून मोजलेला वेळ. ज्या संज्ञेसमोर पुरावा नाही ती गाळली तरी चालते. आणि केंद्राने तिसरा तवा घेतला किंवा लाटायला चौथी बाई ठेवली, तर चौथ्या टप्प्याचा हिशेब पहिल्यापासून करा. ३०० चा आकडा बदलला की आज नाकारलेला 'ग' गटही पुन्हा तपासावा लागतो.